चालताना मागे पाहू

मंडळी, काल काला झाला, सप्ताहाची सांगता झाली. आज हे जे बोलणे आहे त्याला कीर्तन म्हणू नका. कीर्तनाला संतांचा अभंग लागतो. आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, गादीवर उभे राहून स्वतःची ओळ निरूपणाला घ्यायची नाही. ती शिस्त मी चाळीस वर्षे पाळली, आजही पाळतो. म्हणून बघा, नारदाच्या गादीवरून खाली उतरून, या बाजेवर बसून बोलतो आहे. कारण आज विषय माझ्याच एका अभंगाचा आहे, आणि त्यातल्या माझ्या चुकीचा आहे.

तीन-चार शाळांचे गुरुजी आणि बाई इथे आल्या आहेत. त्यांचे म्हणणे, "महाराज, परिपाठाला म्हणता येईल असा दयेवरचा अभंग आमच्याही शाळेला करून द्या." मी म्हटले, करून देत नाही. कसा करायचा ते सांगतो, तुमचा तुम्ही करा. माझा कुठे फसला तेही सांगतो, म्हणजे तुमचा तिथे फसणार नाही.

गोष्ट 2022 सालच्या जूनची. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरतात. वडशापासून आत, जंगलालगतच्या एका गावची शाळा. गावाचे नाव घेत नाही. तिथल्या गुरुजींनी निरोप धाडला, की प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार सगळे होते, पण पोरांना दयेचा एक अभंग द्या, रोज म्हणायला. मला आनंद झाला. माणूस साठीच्या पुढे गेला की कोणी काही मागितले की आनंद होतोच. त्याच रात्री बसलो आणि मोठ्या अभंगात रचना केली.

मोठा अभंग म्हणजे काय, हे पोरांनाही कळावे म्हणून सांगतो. एका कडव्यात चार तुकडे. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचे यमक जुळायचे. अक्षर मोजताना ऱ्हस्व-दीर्घ बघायचे नाही, जोडाक्षर एकच धरायचे, आणि 'हात' मधला 'त' बोलताना अर्धा वाटला तरी पूर्ण धरायचा, कारण गाताना तो पूर्ण होतो. ही मोजणी माझ्या घरची नाही. नामदेवरायांच्या नावावर गाथेत अभंगाच्या अक्षरांचा हिशेब सांगणारे अभंगच आहेत. माझे धृपद असे होते:

दीनदुबळ्यांना । देऊ आम्ही हात ।
तीच खरी बात । जीवनाची ॥

मोजा बोटावर. दी-न-दु-ब-ळ्यां-ना, सहा. दे-ऊ-आ-म्ही-हा-त, सहा. ती-च-ख-री-बा-त, सहा. जी-व-ना-ची, चार. हात-बात यमक. छंदात कुठे खोट नाही. मी खूश, गुरुजी खूश. पेटीवर चाल बसवली, आणि जुलैपासून शाळेत रोज सुरू झाला.

महिनाभराने त्याच शाळेच्या बाई बाजाराच्या दिवशी वडशात भेटल्या. मी विचारले, "कसा चालला अभंग?" बाई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "महाराज, राग मानू नका. चौथीत एक मुलगा आहे. बाप नाही, आई मजुरीला जाते. त्याच्या सदऱ्याला दोन बटने नसतात. तुमची ओळ आली की शेजारची दोन पोरे त्याच्यापुढे हात करतात आणि खुदुखुदू हसतात. 'दीनदुबळ्यांना' म्हणताना सगळी रांग त्याच्याकडे पाहते. आता तो परिपाठ संपल्यावर येतो. उशीर झाला म्हणून सांगतो. उशीर होत नाही त्याला, तो कुंपणामागे उभा असतो."

मंडळी, मी चाळीस वर्षे दयेवर बोललो. भूतदया, जीवदया, कुठेकुठे बोललो. आणि एक पोरगे माझ्या दयेच्या अभंगामुळे कुंपणामागे उभे राहिले.

मी घरी आलो, कागद काढला. चूक कुठे होती? छंदात नव्हती. पोरांतही नव्हती, ती पोरेच आहेत. चूक 'आम्ही' या शब्दात होती. 'आम्ही' म्हटले की रांगेत दोन बाजू पडतात. एक देणाऱ्यांची, एक घेणाऱ्याची. मोठ्या माणसांच्या भजनात हे खपून जाते, कारण तिथे दीन म्हणजे कोण तर आपणच, देवापुढे उभे असलेले. शाळेच्या पटांगणात देव समोर नसतो, वर्ग समोर असतो. तिथे 'दीन' म्हटले की पोर इकडेतिकडे बघते, कोण तो? आणि त्याला सापडतोच.

हे ओळखायचे कसे, ते गुरुजींनो लक्षात ठेवा. अभंग सुरू असताना मोठ्याने म्हणणाऱ्यांकडे बघू नका. ओठ कोणाचे बंद आहेत ते बघा. कोणत्या शब्दाला बंद होतात ते बघा. एकाच शब्दाला एकच पोर रोज गप्प होत असेल, तर तो शब्द काढा. पोराला विचारायलाही जाऊ नका, तो सांगणार नाही.

दुसरी चूक लहान होती, पण तीही सांगतो. पहिली-दुसरीच्या पोरांना 'दुबळ्यांना' म्हणताच येत नव्हते. ळ ला य जोडलेला, वर अनुस्वार. आपल्या झाडीच्या बोलीत ळ तसाही जिभेवर नीट बसत नाही, आणि घरी गोंडी बोलणारे पोर तर तिथे नुसते हूं हूं करायचे. म्हणजे ज्या धृपदात सगळ्यांनी यायचे, त्याच्या पहिल्याच शब्दाला निम्मी शाळा बाहेर. आणि 'हात', 'बात' यांवर तुकडा संपला की लहान पोराचा आवाज तुटतो. मोठा गाणारा 'त' ला लांबवतो, पोर तिथेच थांबते.

गुरुजींना म्हटले, तो अभंग बंद करा. नवा देईन, पण वेळ द्या.

नवा काही सुचेना. पितृपक्ष गेला, दसरा गेला. त्या ऑक्टोबरात आपल्या वडसा वनविभागात तो माणसांवर हल्ले करणारा वाघ पकडला, तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. पकडण्याआधीचे ते दिवस कसे होते! संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाया सरपणाला जायच्या बंद झाल्या. त्या दिवसांत मला एका टोल्यावर तेराव्याला जायचे होते. सकाळी मोटारसायकलीवर मागे बसून निघालो. वाटेत पांदणीने शाळेची पोरे येताना दिसली, दहा-बारा. पुढे सातवीची वगैरे एक मुलगी, हातात काठी. ती दर थोड्या वेळाने थांबे, मागे वळे, बोटाने मोजी, आणि ओरडे, "मांगं कोन रायला गा?" सर्वांत मागे एक एवढेसे पोर, चप्पल हातात घेऊन धावत यायचे. ते पोचेपर्यंत सगळी थांबायची. मग पुन्हा चालायची.

मी गाडी थांबवायला लावली. म्हटले, बाळा, तुला हे कोणी शिकवले? ती म्हणाली, "बाबानं सांगतलं. एकटा रायला का वाघ नेते."

मंडळी, आता बघा. त्या मागच्या पोराला ती 'दीन' म्हणत नव्हती. त्याच्यावर उपकार करते आहे असेही तिच्या मनात नव्हते. तो मागे होता, म्हणून थांबायचे होते. उद्या तिच्याच पायात काटा मोडला तर तीच मागे, आणि बाकीचे थांबतील. देणारा-घेणारा कुठे आहे यात? मी तिथेच, मोटारसायकलीवर, बोटे मोजायला लागलो. चालवणारा पोरगा म्हणाला, "महाराज, जप सुरू केला का?" म्हटले, तसेच समज.

या वेळी लहान अभंग घेतला. लहान अभंगात दोनच तुकडे, आठ-आठ अक्षरांचे, शेवटी यमक. भजनी ठेका आठ मात्रांचा. म्हणजे एका आवर्तनात एक तुकडा, एका मात्रेला एक अक्षर. पोर टाळीवर म्हणू शकते, चालता चालताही म्हणू शकते. मोठ्या अभंगातले शेवटचे चार अक्षरांचे चरण लांबवावे लागते, तिथे पोरांची घाई होते. इथे ती भानगड नाही. धृपद झाले ते असे:

चालताना मागे पाहू ।
सोबतीने सारे राहू ॥ धृ ॥

चा-ल-ता-ना-मा-गे-पा-हू, आठ. सो-ब-ती-ने-सा-रे-रा-हू, आठ. एकही जोडाक्षर नाही. ळ नाही, ण नाही. दोन्ही तुकडे 'हू' वर संपतात, तो दीर्घ आहे, पोर पाहिजे तेवढा लांबवू शकते. 'आम्ही' गेला, 'सारे' आला. 'दया' हा शब्दच नाही त्यात. एका पंडिताने मला टोकले, "दयेचा अभंग आणि दया कुठे आहे?" म्हटले, पंडितजी, परिपाठाला चला एकदा, तिथे दिसते का बघा.

आता धृपदाचे एक सांगतो. तुकोबारायांची छापील गाथा उघडा. बहुतेक अभंगांत पहिल्या कडव्याला एकचा आकडा असतो आणि दुसऱ्या कडव्यापुढे 'ध्रु' लिहिलेले असते. म्हणजे धृपद दुसऱ्या जागी. तिथे पहिले कडवे विषय मांडते, आणि मग धृपद फिरून फिरून येते. मी शाळेसाठी धृपद अगदी पहिले घेतले. कारण पोरांना आधी हाताला दोरी लागते, मग ती पुढे येतात. हे परंपरेला धरून नाही असे कोणाला वाटले तर वाटो. पदांमध्ये तसे चालतेच.

पुढची कडवी ही:

मुंगी चाले मुंगीपाठी । दाणा नेते घरासाठी ॥१॥
पंगतीत जागा ठेवू । आला त्याच्या सवे जेवू ॥२॥
चुके त्याला नये हसू । पुन्हा वाचू, संगे बसू ॥३॥
शाळा म्हणे घंटा झाली । चला, सारी मुले आली ॥४॥

दुसरे कडवे शाळेच्या खिचडीचे. आधी मी तिथे 'रिकामे ताट' असे काहीतरी लिहिले होते. लगेच खोडले. रिकामे ताट म्हटले की पुन्हा कोणाचे रिकामे, हे बघणे आले. 'जागा ठेवू' म्हटले की जो येईल त्याची जागा. तिसऱ्यात 'चुके' आहे, पण चुकणारा रोज वेगळा असतो. आज मी, उद्या तू. ही कसोटी मी स्वतःला घालून घेतली. कडव्यात जो कोणी आहे तो उद्या दुसरा होऊ शकतो का? होत असेल तर ठेवायचे. ज्याच्यावर कायमचा शिक्का बसतो असा शब्द, गरीब, अनाथ, अपंग, तो शाळेच्या अभंगात नको. कीर्तनात मी वापरतो, तिथे निरूपण करायला माझ्याकडे दोन तास असतात. परिपाठात निरूपण कोण करणार?

चौथ्या कडव्याचा प्रश्न मोठा होता. अभंगाच्या शेवटी नाव येते. तुका म्हणे, नामा म्हणे. माझे नाव घालायचे? माझी छाती झाली नाही. आणि खरे सांगायचे तर एकदा घालून बघितलेही होते, अक्षरेही बरोबर बसत होती! मोह सुटत नाही माणसाचा. पण रोज सकाळी शंभर पोरांनी माझे नाव घ्यायचे म्हणजे काय? म्हणून 'शाळा म्हणे' केले. 'शाळा' त ळ आहे हे खरे, पण हे कडवे सांगणाऱ्याने म्हणायचे, आणि शाळा हा शब्द जो तो आपापल्या परीने म्हणतोच.

चाल भूपात बांधली. पाच सूर, सरळ. आपल्या वडशात नाटकांच्या हंगामात पेटीवाल्यांना तोटा नाही, त्यांतल्याच एकाला बोलावले. त्याने झाडीपट्टीच्या रंगमंचाला शोभेल अशी झोकदार चाल लावली, वरच्या सुरापर्यंत नेली. पोरे तिथे किंचाळायला लागली. म्हटले, बाबा, खाली ये. भूप संध्याकाळचा, परिपाठ सकाळचा, हे मला ठाऊक आहे. शास्त्रवाल्यांनी क्षमा करावी. पाच सुरांत लहान मूल हरवत नाही, एवढेच मी पाहिले.

वेळेचाही हिशेब सांगतो, कारण गुरुजी विचारतात. धृपद सुरुवातीला दोनदा, मग प्रत्येक कडव्यानंतर एकदा, म्हणजे सहा वेळा. चार कडवी, एकदा सांगणाऱ्याने, एकदा सगळ्यांनी, म्हणजे आठ. एकूण चौदा ओळी. मात्रेला अर्धा सेकंद धरला तर सोळा मात्रांची ओळ आठ सेकंदांची. दोन मिनिटांच्या आत सगळे आटोपते. यापेक्षा लांबवू नका. उन्हात उभी असतात ती पोरे.

एका शाळेने पुढे हुशारी केली. सोमवारी स्वच्छतेचे धृपद, मंगळवारी झाडांचे, असे रोज बदलायला लागले. आठ दिवसांत अभंग बसला. बसला म्हणजे खाली बसला. कारण धृपद हेच एक असे असते जे वाचता न येणाऱ्याला येते. पहिलीतले पोर, नवे आलेले पोर, मराठी कमी येणारे पोर, ही सगळी कडव्याला ऐकतात आणि धृपदाला येतात. ते रोज बदलले की ही पोरे रोज नवखी. कडवी बदला, हवी तर दर आठवड्याला नवे घाला. धृपदाला हात लावू नका.

नवे कडवे पोरांकडूनच करून घ्या. पाचवीतल्या दोन पोरांनी केलेले सांगतो. त्यांनी लिहिले, "सायकलला धक्का देऊ, दप्तर त्याचे आपण नेऊ." विचार पक्का आहे! पण मोजा. सा-य-क-ल-ला-ध-क्का-दे-ऊ, नऊ. द-प्त-र-त्या-चे-आ-प-ण-ने-ऊ, दहा. बोलताना जड वाटत नाही, टाळीवर घेतले की ठेका पुढे जातो आणि शब्द मागे राहतात. मी म्हटले, सायकल नको, तिचा एक भाग घ्या. एक म्हणाला, चाक. दुसरा म्हणाला, दप्तराऐवजी ओझे. झाले: "चाक फसे, धक्का देऊ । ओझे त्याचे थोडे नेऊ." आठ आणि आठ. दुसऱ्या दिवशी परिपाठात 'धक्का देऊ' आले आणि पाचवीच्या रांगेने एकमेकांना असा धक्का दिला की तीन पोरे आडवी! मग पोरांनीच बदलले:

चाक फसे, हात देऊ ।
ओझे त्याचे थोडे नेऊ ॥

बघा, तोच हात परत आला. माझ्या पहिल्या अभंगात ज्याने घात केला तोच. पण इथे हात कोणाला, तर ज्याचे चाक फसले त्याला. पावसाळ्यात आपल्या पांदणीत कोणाचे फसत नाही?

तो चौथीतला पोरगा? बाईंना मी विचारले होते. नवा अभंग सुरू व्हायच्या आधीच, दिवाळीच्या सुट्टीत, त्याची आई त्याला घेऊन माहेरी गेली, वैनगंगेच्या पलीकडे कुठेतरी. तिकडच्याच शाळेत घातला म्हणे. नवा अभंग त्याच्या कानावर गेलेला नाही. मी दोनदा त्या बाजूला सप्ताहाला गेलो. दोन्ही वेळा पटांगणात पोरे बसली होती, त्यांत सदऱ्याला बटने नसलेली पुष्कळ होती. कोणता तो, मी कसा ओळखणार? मी त्याला कधी पाहिलेलाच नाही.

बरे, पेटी घ्या गुरुजी. भूप, खालच्या सुरात. बाई, तुम्ही सांगा, आम्ही मागे म्हणतो. लहान पोरांना पुढे बसवा, आणि ते दाराशी उभे आहे ना, त्यालाही आत घ्या, मग सुरू करू.